सरळ रेषा बसली, आर स्क्वेअर ०.९९२ आला, तरी सर म्हणतात रेसिड्युअल प्लॉट कुठंय

टिपाडवाली

नमस्कार मंडळी. बीएस्सी सेकंड इयरला आहे, औशाकडून लातूरला रोज बसनं येणं जाणं आहे म्हणून टायपिंग बसमधलंच, चुका झाल्या तर समजून घ्या.

प्रोजेक्ट साधाय. घरी २०० लिटरचं निळं टिपाड आहे, वरचं झाकण कापलेलं, खाली तोटी बसवलेली. ते भरून घ्यायचं, तोटी पूर्ण उघडायची आणि दर दोन मिनिटाला लाकडी पट्टी तळाला टेकवून पाण्याची उंची बघायची. पट्टीवर अर्ध्या सेंमीपर्यंत वाचता येतं. पाणी वाया नाही घातलं, खाली बादल्या लावून हौदात टाकलं, नाहीतर आईनं प्रोजेक्टच बंद केला असता.

शून्य ते वीस मिनिटं, अकरा रीडिंग आले: ७०, ६३.५, ५८, ५२.५, ४७, ४२, ३७.५, ३३, २९, २५.५, २२ सेंमी.

सरळ रेषा फिट केली. उंची = ६७.६१ − २.४० × मिनिटं. आर स्क्वेअर ०.९९२. मी लिहिलं की मॉडेल उत्तम आहे आणि ह्यावरून तोटीच्या खाली पाणी कधी जाईल ते काढता येतं. सरांनी लाल पेननं एवढंच लिहिलं, "मॉडेल जस्टिफाय करा. रेसिड्युअल प्लॉट?" आणि वही परत.

मग तो प्लॉट काढला तर तो कढईसारखा दिसायलाय, दोन्ही कडा वर आणि मधे खोलगट. मैत्रीण म्हणते चालतंय, बेरीज शून्य आली ना. सोमवारी सबमिशन आहे. हे चालतं का नाही तेवढं सांगा.

एक्सेल_अण्णा

ताई टेन्शन घेऊ नका. ०.९९२ म्हणजे ९९.२ टक्के फरक रेषेनं समजावला, उरलं किती तर एक टक्का पण नाही. मैत्रीण बरोबर म्हणतेय, रेसिड्युअलची बेरीज शून्य आली म्हणजे रेषा मधोमध बसली. आमच्या कंपनीत ०.९ च्या वर गेलं की मॅनेजर सही करतो. प्लॉट चिकटवा, खाली लिहा "रेसिड्युअल शून्याच्या आजूबाजूला आहेत" आणि द्या सबमिट करून.

द्राक्षबाग_धाराशिव

रेसिड्यूचं म्हणाल तर आमच्या बागेचं सॅम्पल दरवर्षी लॅबला जातंय. शेवटची फवारणी आणि काढणी ह्यात औषधावर लिहिलेले दिवस पाळले की रिपोर्ट क्लीन येतो. पण टिपाडात कोणतं औषध कालवलं होतं ते लिहिलंच नाही तुम्ही, ते आधी सांगा. आणि ते पाणी हौदात कामून टाकलं मग?

टिपाडवाली

काका औषध नाही काही 😅 साधं नळाचं पाणी. रेसिड्युअल म्हणजे मोजलेली उंची आणि रेषेनं सांगितलेली उंची ह्यातला फरक.

द्राक्षबाग_धाराशिव

अस्सं व्हय. मला वाटलं फवारणीचं टिपाड. चालू द्या.

खडू_डस्टर

मी नांदेडला स्टॅटिस्टिक्स शिकवायचो, आता रिटायर. पोरी, तुझ्या सरांनी योग्य जागी बोट ठेवलंय. पण आधी ते अकरा रेसिड्युअल आकड्यात लिही बघू, क्रमानं, अधिक उणे चिन्हासकट. प्लॉट नंतर बघू.

अण्णा, बेरजेचा मुद्दा आधी निकालात काढू. लीस्ट स्क्वेअरनं रेषा काढली आणि त्यात इंटरसेप्ट ठेवला तर रेसिड्युअलची बेरीज शून्य येतेच, ती पद्धतच तशी बांधलेली आहे. शेअर बाजाराच्या भावावर रेषा मारा, पावसावर मारा, माझ्या वजनावर मारा, शून्यच येणार. ज्या परीक्षेत सगळेच पास होतात त्या परीक्षेवरून कोण हुशार ते कसं कळणार?

टिपाडवाली

सर हे घ्या, मिनिट ० पासून २० पर्यंत:

+२.३९, +०.६८, −०.०२, −०.७३, −१.४३, −१.६४, −१.३४, −१.०५, −०.२५, +१.०५, +२.३४

बेरीज शून्यच येतेय. मला वाटलं होतं तेच जस्टिफिकेशन.

खडू_डस्टर

आता नुसती चिन्हं वाच. दोन अधिक, मग सलग सात उणे, मग परत दोन अधिक. नाणं अकरा वेळा उडवलं आणि असा क्रम आला तर तू म्हणशील की नाण्यात काहीतरी गडबड आहे. रेषा खरंच बरोबर असती तर उरलेला फरक म्हणजे फक्त पट्टी वाचण्यातली चूक, कधी थोडं वर वाचलं, कधी थोडं खाली. त्या चुकीला दहाव्या मिनिटाला उणेच यावं आणि विसाव्याला अधिकच यावं असं काही कारण नाही. इथं मात्र उरलेल्या आकड्यांना शिस्त आहे. म्हणजे तुझ्या डेटामध्ये एक गोष्ट अजून आहे आणि ती रेषेनं उचललीच नाही, ती सगळी रेसिड्युअलमध्ये जाऊन बसली.

अजून एक. तुझी पट्टी अर्ध्या सेंमीची, म्हणजे वाचण्यातली चूक पाव सेंमीच्या आसपास. आणि रेसिड्युअल २.३९. जवळजवळ दहापट. एवढं काही तू चुकीचं वाचलं नसणार.

आर स्क्वेअर एवढा जास्त आला त्याचं कारण उंची ७० वरून २२ वर आली, एवढ्या मोठ्या उताराच्या तुलनेत हा वाक किरकोळ दिसतो. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम ह्या संख्याशास्त्रज्ञानं चार डेटा सेट छापले, प्रत्येकात तुझ्यासारखेच अकरा बिंदू, चारींची रेषा जवळपास तीच आणि आर स्क्वेअर पण तोच, पण काढून बघितलं तर एकात चक्क कमान आहे. मी वर्गात दरवर्षी ते चार फळ्यावर काढायचो.

एक्सेल_अण्णा

सर मानलं, बेरजेचं चुकलं माझं. पण ७० सेंमीमध्ये अडीच सेंमी म्हणजे चार टक्के पण नाही हो. टिपाडाच्या पाण्याला एवढं चालत नाही का? रॉकेट सोडायचंय का आपल्याला. उगाच पोरीला कामाला लावायलेत.

खडू_डस्टर

चालतं, जर तिनं फक्त "शून्य ते वीस मिनिटांत पाणी साधारण असं उतरतं" एवढंच म्हटलं तर चालतं. पण तिनं लिहिलंय की पाणी तोटीच्या खाली कधी जाईल ते ह्यावरून काढू. म्हणजे विसाव्या मिनिटाच्या पुढं जायचंय. आणि पुढं जाताना हा शेवटचा +२.३४ फार वाईट आहे, कारण कढईची कड तिथून वरच चढत चाललीय. रेषा आणि पाणी एकमेकांपासून लांब जायला लागलेत आणि आपण नेमके त्याच दिशेला निघालोय.

तूच ठेवून बघ. तिसाव्या मिनिटाला तुझी रेषा काय म्हणते?

टिपाडवाली

६७.६१ − २.४० × ३० = उणे ४ पॉइंट काहीतरी.

म्हणजे टिपाडाच्या बुडाच्या खाली चार सेंमी पाणी 🤦‍♀️ हे मी आधी का नाही केलं.

बालाघाट_वारा

आमच्या गावात उन्हाळ्यात बोअरचं पाणी पण असंच असतंय, बुडाच्या खाली 😂

द्राक्षबाग_धाराशिव

मधीच बोलतो. मला तुमचं आर स्क्वेअर काय कळत नाही पण टिपाड कळतंय. आमी रोपांना टिपाडातूनच नळी लावून पाणी देतो. टिपाड भरलेलं असलं की धार जोरात, अर्धं झालं की धार मंद, शेवटाला तर करंगळीएवढी धार आन तीबी तोटीला चिकटून. पहिलं अर्धं टिपाड चहा पिऊस्तोवर जातंय आन राहिलेलं अर्धं जीव खातंय. मग दर मिनिटाला सारखंच पाणी उतरतंय असं तुमची रेषा कामून म्हनते? ते तर व्हतच नाही.

खडू_डस्टर

काका, धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही लिहिलं.

सरळ रेषा म्हणजे दर मिनिटाला २.४ सेंमी, पहिल्या मिनिटाला पण आणि शेवटच्या पण. आता डेटा बघा. पहिल्या दोन मिनिटात ६.५ सेंमी उतरलं, शेवटच्या दोन मिनिटात ३.५. कढई दुसरं काही नाही, हेच सांगतेय. सुरुवातीला पाणी रेषेपेक्षा वर आहे पण वेगानं खाली येतंय, मधे रेषेच्या खाली जातं, मग वेग कमी झाला म्हणून रेषाच त्याला ओलांडून खाली निघून जाते. रिपोर्टमध्ये "रेसिड्युअल यू आकाराचे आहेत" एवढंच लिहून थांबू नको, ते तसे का आहेत हे काकांच्या भाषेत लिही.

अर्धवट_इंजिनिअर

ह्याला टॉरिचेलीचा नियम म्हणतात, सतराव्या शतकातला इटालियन माणूस, बॅरोमीटरवाला तोच. धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. गणित केलं की उंची सरळ रेषेत उतरत नाही, उंचीचं वर्गमूळ सरळ रेषेत उतरतं. फक्त टिपाड वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचं पाहिजे, बादलीसारखं निमुळतं असलं तर हे जमणार नाही. म्हणून उंचीऐवजी उंचीचं वर्गमूळ घ्या आणि परत रेषा मारा. काम झालं.

टिपाडवाली

केलं. वर्गमूळ = ८.३४३ − ०.१८४ × मिनिटं. आर स्क्वेअर ०.९९९८!!

पण रेसिड्युअल प्लॉट काढला तर परत कढईच 😭 पहिलीपेक्षा वेडीवाकडी आहे, पण कडा वर आणि मधे उणे आहेतच. आणि एक्सेलमध्ये तर एवढी मोठी दिसतेय की पहिल्यापेक्षा वाईट वाटतंय.

+०.०२४, −०.००६, +०.००९, +०.००७, −०.०१५, −०.०२२, −०.०११, −०.०२१, −०.०१३, +०.०२०, +०.०२८

एक्सेल_अण्णा

ताई ती मोठी नाही, एक्सेल ॲक्सिस आपोआप ताणतं. ०.०२ असो का २०, ग्राफ पूर्ण कागदभरच दिसणार. फॉरमॅट ॲक्सिसमध्ये जाऊन हातानं लिमिट टाका. हे मात्र मला पक्कं माहितीय, ह्याच्यावरून मीटिंगमध्ये शिव्या खाल्ल्यात.

खडू_डस्टर

अण्णा बरोबर. पण मग ॲक्सिस कितीची ठेवायची? मोजण्याच्या चुकीशी ताडून. पाव सेंमीची चूक वर्गमूळात गेल्यावर किती होते ते काढ: पाव भागिले वर्गमूळाची दुप्पट. ७० सेंमीला ती ०.०१५ येते आणि २२ सेंमीला ०.०२७. म्हणजे तुझे हे सगळे रेसिड्युअल वाचण्यातल्या चुकीच्याच आकाराचे आहेत. नुसता आकार बघितला तर मी म्हणालो असतो ठीक आहे, सोड.

पण चिन्हांचा क्रम मला अजून टोचतोय. मधे सलग पाच उणे, कडेला अधिक. अकरा बिंदूंवर मी पैज लावणार नाही, हा योगायोग पण असू शकतो. तरी एक प्रश्न विचारतो. पट्टी तू कुठं टेकवायचीस?

टिपाडवाली

टिपाडाच्या बुडाला सर. लिहिलंय की वर.

खडू_डस्टर

आणि तोटी बुडापासून किती वर आहे?

टिपाडवाली

थांबा मोजून सांगते.

तोटीच्या मधापर्यंत ६ सेंमी.

अर्धवट_इंजिनिअर

अर्रर्र. माझ्या लक्षातच नाही आलं. टॉरिचेलीची उंची तोटीपासून वर मोजायची असते, तोटीच्या खालचं पाणी धारेला ढकलत नाही. प्रत्येक रीडिंगमधून ६ वजा करा, मग वर्गमूळ.

खडू_डस्टर

आणि हे लक्षात घे की पहिल्या सरळ रेषेत ह्या सहाचा काहीच फरक पडला नसता. सगळ्यांतून ६ वजा केले की रेषा तेवढीच खाली सरकते, रेसिड्युअल तेच राहतात. वर्गमूळ घेताना मात्र शून्य कुठं धरलं ह्याला किंमत येते. ७० चं वर्गमूळ आणि ६४ चं वर्गमूळ ह्यातला फरक वेगळा, २२ आणि १६ चा वेगळा. तोच फरक कढई होऊन उरतो.

आर सॉफ्टवेअर असेल तर एवढं पुरे:

```r
t <- seq(0, 20, 2)
H <- c(70,63.5,58,52.5,47,42,37.5,33,29,25.5,22)
m <- lm(sqrt(H - 6) ~ t)
plot(t, resid(m), ylim = c(-0.1, 0.1))
abline(h = 0)
```

टिपाडवाली

झालं!! वर्गमूळ = ८.००१ − ०.१९९८ × मिनिटं.

−०.००१, −०.०१८, +०.००९, +०.०१७, ०.०००, −०.००३, +०.००८, −०.००८, −०.००९, +०.०११, −०.००६

कढई गेली. वर खाली वर खाली असं कसंही आहे. आता रेषा शून्याला कधी जाते ते काढलं तर ४० मिनिटं येतंय. मजा म्हणजे पहिल्या रेषेनं पाणी २५.७ मिनिटाला तोटीपर्यंत येतंय, सहा वजा न करता वर्गमूळ घेतलं तर ३२ ला, आणि आता ४० ला. तिन्हीचा आर स्क्वेअर ०.९९ च्या वरच.

बालाघाट_वारा

२६, ३२, ४०. एकाच टिपाडाचे तीन मुहूर्त.

एक्सेल_अण्णा

मी जरा वेगळं करून बघितलं, रागावू नका. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइनला राइट क्लिक, पॉलिनोमियल, ऑर्डर २. वर्गमूळ नको, सहा वजा करायला नको, काही नको. कच्च्या उंचीवरच

```
y = 0.0389x² - 3.1757x + 69.947
```

आर स्क्वेअर ०.९९९९. रेसिड्युअल पण काढले सर, तुमच्या भीतीनं 😀 सगळे पाव सेंमीच्या आसपास किंवा कमी, कढई नाही. मग टॉरिचेलीला कशाला त्रास?

अर्धवट_इंजिनिअर

हे चीटिंग आहे. ऑर्डर वाढवत गेलं तर काहीही बसतं, ऑर्डर १० केली तर अकराच्या अकरा बिंदूतून जाईल.

खडू_डस्टर

ऑर्डर १० ला चीटिंग म्हण, ऑर्डर २ ला इथं नाही म्हणता येणार. वर्गमूळ सरळ रेषेत उतरतं, म्हणजे उंची त्या रेषेच्या वर्गाइतकी, म्हणजे द्विघातच झाली की. अण्णांनी न कळत टॉरिचेलीच बसवला. आणि गंमत बघा, त्यांच्या वक्राचा तळ काढला तर तो ४०.८ मिनिटाला येतो आणि तिथं उंची ५.१ सेंमी. म्हणजे तोटी कुठं आहे ते कोणी न सांगता त्या समीकरणानं जवळपास ओळखलं. खरी ६ ला आहे, पण डेटा विसाव्या मिनिटाला संपतो आणि तळ चाळिसाव्याला, एवढ्या लांबून नेम धरल्यावर सेंमीभर हुकणारच.

तरी मी रिपोर्टमध्ये वर्गमूळाची रेषा ठेवीन. तिच्यात दोनच आकडे शोधायचे आहेत, आणि तिसरा, तोटीची उंची, टेप लावून मोजलेली आहे. द्विघातात तिन्ही डेटातून काढावे लागतात. शिवाय अण्णांचा वक्र एक्केचाळिसाव्या मिनिटानंतर वर वळतो, म्हणजे टिपाड आपोआप भरायला लागतं.

एक्सेल_अण्णा

तसं टिपाड लातूरला पाठवा, २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली नसती.

बाकी तुमची वर्गमूळाची रेषा पण ४० नंतर उणेत जाते सर, उणे वर्गमूळ कुठल्या टिपाडात असतंय?

खडू_डस्टर

बरोबर पकडलं. दोन्ही ४० च्या पुढं बाद. ते वाक्य रिपोर्टमध्ये पाहिजेच.

पण प्लॉट बघून आपण फक्त एवढंच म्हणू शकतो की वीस मिनिटांच्या आत ह्या मॉडेलमध्ये दिसण्यासारखी खोट नाही. पुढचं सांगायचं तर पुढं मोजायला पाहिजे. पोरी, टिपाड परत भरता येईल का? तिसाव्या मिनिटाचं एक रीडिंग आण. बुडापासून मोजलेली उंची सरळ रेषेनं उणे ४.३ सांगितली, सहा न वजा केलेल्या वर्गमूळानं ८, सहा वजा केलेल्यानं १०, अण्णांच्या वक्रानं ९.७. आकडे आत्ताच लिहून ठेव, मोजल्यावर बदलायचे नाहीत.

टिपाडवाली

सर पाणी परवा येणार आहे आमच्या गल्लीत. रविवारी बघते.

गोट्या_परभणी

मी पण प्रोजेक्ट करायलोय. एक विचारू का, रेसिड्युअल एक्स ॲक्सिसला टाईम घेऊन काढायचे का फिटेड व्हॅल्यू घेऊन? आमच्या मॅडम फिटेड म्हणतात.

खडू_डस्टर

एकच एक्स असला की दोन्हीत चित्र तेच, फक्त तिचा उतार उणे असल्यामुळं डावं उजवं उलटं दिसेल. दोन तीन एक्स असले की फिटेड घ्यायचा आणि शिवाय प्रत्येक एक्सबरोबर वेगळा. तुझा प्रोजेक्ट कशावर आहे?

गोट्या_परभणी

अजून ठरला नाही.

टिपाडवाली

रविवार अपडेट. टिपाड ७० पर्यंत भरलं, भाऊ घड्याळ घेऊन उभा, मी पट्टी घेऊन. तिसाव्या मिनिटाला उंची १०. अगदी रेघेवर, केसभर वर म्हणाला भाऊ पण मी १० च लिहिलं.

पुढं पण थांबलो. काका म्हणाले होते तसंच, ३५ च्या पुढं धार बादलीत पडायची सोडून तोटीला चिकटून खाली ओघळायला लागली. ४० मिनिटाला बंद झालीच नाही, थेंब थेंब चालूच होतं, नंतर आईनं हाक मारली म्हणून सोडून दिलं.

खडू_डस्टर

छान काम. दोन मॉडेल बाद झाली: सरळ रेषा आणि बुडापासूनचं वर्गमूळ. ती दुसरी कढई योगायोग नव्हता असं आता म्हणता येतं, पण ते प्लॉटमुळं नाही, तिसाव्या मिनिटामुळं. ९.७ आणि १० मध्ये मात्र अर्ध्या सेंमीच्या पट्टीनं निवड करता येत नाही, तिथं अण्णा आणि मी बरोबरीत.

शेवटच्या थेंबांचं पण लिही. पाण्याची उंची तोटीच्या भोकाएवढीच उरली की टॉरिचेलीचं गणित लागू राहत नाही, पाणी तोटीच्या धातूला चिकटतं. म्हणून "४० मिनिटांत रिकामं" असं न लिहिता "साधारण ३५ मिनिटांपर्यंत मॉडेल वापरता येईल" असं लिही.

टिपाडवाली

हे लिहिलंय, बघा जमलं का:

"उंची आणि वेळ ह्यांच्या सरळ रेषेचा आर स्क्वेअर ०.९९२ असला तरी रेसिड्युअल सुरुवातीला व शेवटी अधिक आणि मधे सलग सात वेळा उणे आले, आणि सर्वात मोठा २.३९ सेंमी म्हणजे मोजमापाच्या चुकीच्या जवळजवळ दहापट होता. पाणी कमी होईल तशी धार मंद होते, हे सरळ रेषेत येत नाही. तोटीपासून मोजलेल्या उंचीचं वर्गमूळ घेतल्यावर रेसिड्युअलमध्ये क्रम दिसला नाही व ते मोजमापाच्या चुकीच्याच आकाराचे आले. मॉडेल बनवताना न वापरलेल्या ३० व्या मिनिटाच्या रीडिंगशी (१० सेंमी) त्याचं उत्तर जुळलं."

पहिला चुकलेला ग्राफ पण ठेवू का काढून टाकू?

अर्धवट_इंजिनिअर

काढून टाका, चुकीचं कशाला दाखवायचं, मार्क जातील.

खडू_डस्टर

ठेव. तो नसला तर वर्गमूळ का घेतलं ह्याचं कारणच रिपोर्टमधून निघून जाईल. पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी लाव, मधला एका वाक्यात.

अर्धवट_इंजिनिअर

सर तुम्ही रिटायर झालात, तपासणारे वेगळे आहेत. मी अजून म्हणतो काढा.

द्राक्षबाग_धाराशिव

माझंबी एक विचारून घेतो. माझी हजार लिटरची काळी टाकी हाय, दोन मीटरच्या चौथऱ्यावर. खाली ड्रिप. टाकीत पाणी मीटरभर. मग माझ्याकडंबी कढईच येईल का? कारण टाकी अर्धी झाली तरी ड्रिपला एवढा फरक जाणवत नाही मला, टिपाडाला जाणवतो.

खडू_डस्टर

जाणवणार नाहीच काका, तुमचं शून्य तोटीला नाही, खाली ड्रिपरपाशी आहे. तुमची उंची ३०० सेंमीवरून २०० वर येते, वर्गमूळ १७.३ वरून १४.१. पोरीचं वर्गमूळ ८ वरून निम्म्यावर आलं. तिच्याकडं पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगला जोडणाऱ्या रेषेपासून पाणी मधोमध ४ सेंमी खाली होतं, तेही ४८ सेंमीच्या उतारात. तुमच्याकडं १०० च्या उतारात अडीच निघेल. अर्ध्या सेंमीच्या पट्टीनं कढई दिसेल, पण उथळ, आणि टाकीत पाणी असेपर्यंतच्या हिशोबाला तुम्ही सरळ रेषा वापरली तरी मी हरकत घेणार नाही. हे सगळं पाइपमधलं घर्षण सोडून सांगतोय. लांब नळी आणि बारीक ड्रिपर असले की वर्गमूळच लागू होईल असं नाही, ते मोजल्याशिवाय नाही सांगता येणार.

द्राक्षबाग_धाराशिव

मोजलं असतं ओ सर, पण आमच्याकडं ह्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्री. टाकी भरती एक वाजता. पट्टी धरायला कुणी उठत नाही. पुढच्या आठवड्यात दिवसाची पाळी हाय, तवा पोरीलाच फोन करतो आकडे सांगायला.

टिपाडवाली

करा काका. फक्त पट्टी कुठं टेकवली ते आधी सांगा.